प्रकल्प नोंदी: शेवाळातला फॉस्फरस आणि डॅफ्नियाची वाढ (पुणे)

१२ जून

प्रश्न एकच ठेवला आहे. फॉस्फरसची उपासमार झालेलं हिरवं शेवाळ पोटभर खाऊनही डॅफ्निया या गोड्या पाण्यातल्या बारीक कवचधारी प्राण्याची वाढ खुंटते, हे जुनं निरीक्षण आहे. ती फॉस्फरस कमी पडल्यामुळे खुंटते, की असं शेवाळ एकूणच निकस अन्न असतं म्हणून? उपाशी शेवाळाच्या पेशीभित्ती जाड होतात, आत स्टार्च आणि चरबी साठते, काही पेशी तर आतड्यातून जिवंतच बाहेर पडतात. त्यामुळे ‘कार्बन-फॉस्फरसचं गुणोत्तर C:P जास्त, वाढ कमी’ एवढं दाखवून कारण सिद्ध होत नाही. दोन्ही कारणं वेगळी करणारी चाचणी या प्रयोगाचा कणा आहे. वाढीनंतर त्याच अन्नांवर वाढलेल्या प्राण्यांनी पाण्यात परत सोडलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण मोजायचं.

प्राणी: डॅफ्निया मॅग्ना, प्रयोगशाळेतली जुनी वसाहत. पुण्याच्या तळ्यांत मिळणाऱ्या मोइना आणि सिरिओडॅफ्निया आकाराने बऱ्याच लहान, एकेकाचं वजन करणं अवघड. मॅग्ना इथली नाही, म्हणून वापरलेलं प्रत्येक पाणी उकळूनच मोरीत ओतायचं. शेवाळ: सीनेडेस्मस ऑब्लिक्वस.

डॅफ्निया निवडण्याचं खरं कारण तिच्या शरीराची घडण. कोरड्या वजनात कार्बन साधारण ४८ टक्के आणि फॉस्फरस १.५ टक्के धरला, तर (४८÷१२) भागिले (१.५÷३१), म्हणजे एका फॉस्फरस अणूमागे सुमारे ८३ कार्बन अणू. पुढच्या हिशोबात ८० धरू. नायट्रोजन-फॉस्फरसचं गुणोत्तर N:P साधारण १४. अन्न बदललं तरी हे आकडे फारसे हलत नाहीत. शेवाळाचं तसं नाही. त्याचं C:P १०० च्या आसपासपासून हजाराच्या घरात जाऊ शकतं. खाणारा आपली घडण सोडत नाही आणि अन्नाला घडणच नाही. आपला सगळा विषय या दोघांच्या ओढाताणीचा.

१६ जून

शेवाळ वाढवण्याचं माध्यम कॉम्बो. पूर्ण माध्यमात एका लिटरला NaNO3 ८५ मि.ग्रॅ. (१००० मायक्रोमोलर) आणि K2HPO4 ८.७१ मि.ग्रॅ. (५० मायक्रोमोलर). गरीब माध्यमात फॉस्फेट दहापट कमी, म्हणजे ०.८७१ मि.ग्रॅ. (५ मायक्रोमोलर). फॉस्फेट काढलं की पोटॅशियमही जातं, म्हणून ९० मायक्रोमोलर KCl, लिटरला ६.७ मि.ग्रॅ., वेगळं घातलं. हे न केल्यास दोन माध्यमांत एकाऐवजी दोन गोष्टी बदलतात आणि पुढचा निष्कर्ष लंगडा होतो.

सिलिकेट मुद्दाम वगळलं. हिरव्या शेवाळाला ते लागत नाही आणि फॉस्फरस मोजताना मॉलिब्डेट सिलिकेटशीही रंग देतं, ती ब्याद नको.

काचसामान: १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर, मग डिआयोनाइज्ड पाण्याने पाच-सहा वेळा. भांडी घासायची पावडर या खोलीत आणायचीच नाही, कारण फॉस्फेट असलेल्या पावडरीचा पुसटसा थरही ५ मायक्रोमोलरच्या माध्यमाची वाट लावतो. तो लागला की नाही हे ओळखायची सोपी खूण अशी: गरीब बाटल्या ठरल्या वेळी फिकट व्हायला हव्यात. एखादीच गर्द हिरवी राहिली तर शेवाळावर खूश होऊ नये, बाटलीवर संशय घ्यावा.

२४ जून

शेवाळाची दोन्ही वाणं, पूर्ण माध्यमातलं ‘श्रीमंत’ आणि गरीब माध्यमातलं ‘गरीब’, दोन लिटरच्या बाटल्यांत, २२ अंशांवर. हवा मत्स्यालयाच्या पंपाने, मध्ये ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. रोज ठरावीक भाग काढून तेवढंच ताजं माध्यम घालायचं: श्रीमंत बाटलीतून ३० टक्के, गरिबातून १० टक्के. उपासमार नुसत्या पातळ माध्यमाने होत नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं. हळू वाढणारी पेशी प्रत्येक विभाजनात फॉस्फरस जास्त ताणते, म्हणून रोज किती काढतो यावर C:P माध्यमातल्या आकड्याइतकंच अवलंबून असतं. गरीब बाटलीतून ३० टक्के काढायला लागलो तर तेच माध्यम असूनही शेवाळ बरंच ‘श्रीमंत’ होईल.

दुसरी कळ प्रकाशाची. एलईडी नळ्या बुधवार पेठेतल्या, साध्याच, फळीला समांतर लावलेल्या. नळीच्या मध्याखालची जागा आणि टोकाची जागा यांच्या उजेडात डोळ्याला फरक दिसत नाही, मीटरला दिसतो. फॉस्फरस तेवढाच आणि उजेड जास्त, तर पेशी कार्बन बांधतच राहते आणि C:P चढतं. तळ्यातही हेच होतं: ऊन वाढलं की शेवाळ वाढतं, पण खाणाऱ्याच्या दृष्टीने ते निकस होत जातं, इतकं की अन्न वाढूनही डॅफ्निया मंदावू शकते. आपल्यापुरता उपाय सरळ आहे. रोज बाटल्यांच्या जागा एक-एक घर सरकवायच्या.

१ जुलै

शेवाळाचं पहिलं पूर्ण विश्लेषण.

प्रत्येक वाणाचे सहा फिल्टर. काचतंतूंचे, आधी ४५० अंशांवर भाजून घेतलेले. तीन C-N यंत्राला, तीन फॉस्फरसला. फॉस्फरससाठी परसल्फेट घालून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर ३० मिनिटं, मग मॉलिब्डेट-अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा निळा रंग, ८८० नॅनोमीटरवर वाचन. कोऱ्या फिल्टरचं वाचन ०.०१० च्या खाली असेल तरच ती तुकडी ग्राह्य. वर गेलं तर बहुतेकदा परसल्फेट जुनं असतं किंवा चिमट्याऐवजी बोट लागलेलं असतं.

गरीब वाणाच्या फिल्टरवर ०.५० मि.ग्रॅ. कार्बन, आणि जोडीच्या फिल्टरवर २.१९ मायक्रोग्रॅम फॉस्फरस. इथे घसरायची जागा आहे म्हणून हिशोब पूर्ण मांडतो. वजनाला वजन भागलं तर ५००÷२.१९ = २२८. अणूंचं गुणोत्तर काढायचं तर याला ३१÷१२, म्हणजे २.५८ ने गुणायचं: साधारण ५९०. दोन्ही आकडे ‘C:P’ याच नावाने फिरतात. २२८ हा आकडा अणूंचा समजला तर हे शेवाळ काठावरचं वाटेल. ५९० म्हटल्यावर ते भिकारी आहे हे कळतं. या नोंदीत यापुढे सगळी गुणोत्तरं अणूंचीच.

श्रीमंत: C:P ११८, C:N ७.४, N:P १६.
गरीब: C:P ५९०, C:N १४, N:P ४२.

श्रीमंत वाण समुद्री प्लवकांसाठी रेडफिल्डने दिलेल्या १०६:१६:१ या C:N:P च्या जवळपास आलं. तो आकडा शेवाळाचा नियम नाही, महासागराची सरासरी आहे, त्यामुळे या जुळण्याला फार महत्त्व देत नाही.

४ जुलै

काठ नेमका कुठे, याचा कागदी अंदाज.

डॅफ्निया खाल्लेल्या फॉस्फरसपैकी ८० टक्के शोषते आणि खाल्लेल्या कार्बनपैकी ३० टक्के शरीरात बांधते, असं धरू. कार्बनचा बाकी भाग श्वसनात आणि विष्ठेत जातो. तर उंबरठा = (०.८÷०.३)×८० = २१३. ताळा: २१३ कार्बन आणि १ फॉस्फरस खाल्ला, ६४ कार्बन बांधले, ०.८ फॉस्फरस शोषला, आणि ६४÷०.८ बरोबर ८०. याच्या खालच्या C:P ला कार्बन, म्हणजे ऊर्जा, वाढ ठरवते. वर गेलं की फॉस्फरस.

आता ५९० चं अन्न घ्या. ५९० कार्बनमागे ०.८ फॉस्फरस शोषला जाईल आणि तो फक्त ६४ कार्बनला पुरेल. म्हणजे खाल्लेल्या कार्बनपैकी जेमतेम ११ टक्के शरीर होऊ शकतं. उरलेला कार्बन प्राण्याला कसाही करून फेकावा लागतो: जादा श्वसन करून, विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या रूपात, किंवा न पचवताच.

उंबरठा हा दगडावरचा आकडा नाही. अन्न कमी असेल तर खाल्लेल्या कार्बनचा मोठा हिस्सा नुसतं जिवंत राहण्यात जातो, ३० टक्क्यांचे १५ होतात, आणि उंबरठा दुप्पट वर सरकतो. म्हणून अर्धपोटी प्राण्यांवर हा प्रयोग केला तर फॉस्फरसचा परिणाम दिसणारच नाही. अन्न लिटरला १ मि.ग्रॅ. कार्बनच्या खाली येऊ द्यायचं नाही.

फॉस्फरसच का, याचं उत्तर वाढीच्या यंत्रणेत आहे. झपाट्याने वाढायचं तर प्रथिनं झपाट्याने बनवावी लागतात, त्यासाठी रायबोसोम लागतात आणि रायबोसोम म्हणजे बराचसा आरएनए. आरएनएच्या वजनात फॉस्फरस साधारण ९ टक्के. वाढत्या पिल्लाच्या कोरड्या वजनात आरएनए १० टक्के धरला तरी शरीरातल्या १.५ टक्क्यांपैकी ०.९ टक्का फॉस्फरस एकट्या आरएनएत अडकलेला. कोपेपॉड या दुसऱ्या गटातल्या, संथ वाढणाऱ्या प्लवक-प्राण्यांना एवढा लागत नाही. त्यांचं N:P डॅफ्नियाच्या बरंच वर असतं आणि असल्या अन्नावर ते निभावून नेतात.

७ जुलै

फोडणीची चाचणी. (‘फॉस्फरसची फोडणी’ हे नाव खोलीत रुळलं आहे, तेच ठेवतो.)

तत्त्व: उपाशी पेशीला फॉस्फेट दिलं की ती मिनिटांत हावरटासारखी ओढून घेते, पण पेशीभित्ती आणि चरबी इतक्या थोड्या वेळात बदलत नाहीत. म्हणजे C:P श्रीमंत, बाकी सगळं गरीब, असं अन्न तयार होतं. त्यावर प्राणी वाढले तर दोष फॉस्फरसचा. नाही वाढले तर पेशीच्या घडणीचा.

मात्रा: गरीब शेवाळ सेंट्रिफ्यूज करून, माध्यमातलं उरलेलं नायट्रेट धुऊन, N आणि P नसलेल्या माध्यमात लिटरला १० मि.ग्रॅ. कार्बन एवढं पसरवलं. १० मि.ग्रॅ. म्हणजे ८३३ मायक्रोमोल कार्बन. सध्याचा फॉस्फरस ८३३÷५९० = १.४१. C:P १२० हवं तर लागतो ८३३÷१२० = ६.९४. फरक ५.५३ मायक्रोमोल. K2HPO4 चं ५ मिलिमोलर द्रावण (लिटरला ०.८७१ ग्रॅम) असेल तर लिटरभर शेवाळाला १.१ मि.लि.

मंद उजेडात एक तास ढवळत ठेवलं. तासाभराने गाळलेल्या पाण्यात फॉस्फेट मोजलं: घातलेल्यापैकी ५ टक्क्यांहून कमी उरलं होतं. हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. फॉस्फेट पाण्यातच राहिलं तर अन्न बदललेलंच नाही, आणि विरघळलेलं फॉस्फेट डॅफ्नियाच्या फारसं उपयोगाचं नाही. न घेतल्याचं नेहमीचं कारण म्हणजे शेवाळ पुरेसं उपाशीच नव्हतं.

फोडणी न दिलेल्या शेवाळालाही हेच सगळं: तेच सेंट्रिफ्यूज, तोच तास, आणि फॉस्फेटऐवजी तेवढ्याच पोटॅशियमचं KCl.

८ जुलै

वाढीचा प्रयोग सुरू. २४ तासांच्या आतली पिल्लं, सगळी एकाच वयाच्या माद्यांची. पहिल्या वेताची पिल्लं घेतली नाहीत, ती लहान असतात. तीन अन्नं, प्रत्येकी पाच बरण्या, बरणीत एक लिटर पाणी आणि दहा पिल्लं. २० अंश. सुरुवातीचं कोरडं वजन वेगळ्या काढलेल्या पिल्लांवरून: सरासरी ९.० मायक्रोग्रॅम.

अन्न रोज पूर्ण बदलायचं. प्राणी फॉस्फरस सोडतात आणि बरणीतलं उपाशी शेवाळ तो लगेच उचलतं, त्यामुळे दोन दिवस तेच पाणी ठेवलं तर गरीब बरणी आपोआप सुधारत जाते. फोडणीच्या बरणीत उलटं: उजेड मिळाला तर शेवाळ नव्या फॉस्फरसवर कार्बन बांधून C:P पुन्हा चढवतं. दोन्हींवर तोड एकच, बरण्या जवळजवळ अंधारात आणि रोज ताजं अन्न. सीनेडेस्मस तळाला बसतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ बरणी हलक्या हाताने फिरवायची. बुडबुडे नकोत, ते कवचाखाली अडकले की प्राणी पृष्ठभागाला चिकटतो आणि खाणं बंद.

१२ जुलै

चौथ्या दिवशी प्राणी काढले, डिआयोनाइज्ड पाण्यातून एकदा बुडवून टिनच्या छोट्या वाट्यांत, ६० अंशांवर रात्रभर. वजन करायला सिलिका जेलमधून एकेक वाटी काढायची. पुण्यात जुलैची हवा अशी की उघडी वाटी तराजूवर ठेवल्या ठेवल्या जड होत जाते. आकडा सतत वर चढताना दिसला तर ते प्राण्याचं वजन नव्हे, बाष्प.

१५ जुलै

दर = ln(शेवटचं वजन ÷ सुरुवातीचं वजन) ÷ दिवस.

श्रीमंत: ७० मायक्रोग्रॅम, दर दिवसाला ०.५१.
गरीब: २५ मायक्रोग्रॅम, ०.२६.
फोडणी: ५८ मायक्रोग्रॅम, ०.४७.

श्रीमंत आणि गरीब यांच्यातली तफावत ०.२६ च्या आसपास; फोडणीने त्यातला ०.२१ भरून काढला, म्हणजे साधारण चार-पंचमांश. पेशीभित्ती तीच, चरबी तीच, फक्त फॉस्फरस घातला आणि वाढ परतली. आमच्या शेवाळापुरता मुख्य दोष फॉस्फरसचाच.

उरलेल्या पंचमांशाबद्दल हात आखडता घेतो. ती न पचलेल्या पेशींची तूट असू शकते, किंवा तासाभरात ओढलेला फॉस्फरस पेशीतून थोडा परत गळला असेल. विष्ठेत अखंड हिरव्या पेशी किती दिसतात हे तिन्ही अन्नांसाठी मोजलं तर पहिली शक्यता तपासता येईल. आणि हा निकाल ५९० साठी आहे. C:P २५० असतं तर फॉस्फरसची तूट लहान असती आणि फोडणीने भरून निघालेला हिस्साही तेवढा ठळक दिसला नसता.

१९ जुलै

परतावा, म्हणजे प्राण्यांनी पाण्यात परत सोडलेला नायट्रोजन-फॉस्फरस. प्रत्येक अन्नावर वाढलेले तीस मोठे प्राणी (एकूण कोरडं वजन सुमारे ३ मि.ग्रॅ.) धुऊन ५० मि.लि. N-P-विरहित माध्यमात तासभर. मग प्राणी काढून पाणी गाळलं. अमोनियम इंडोफिनॉल निळ्याने, फॉस्फेट मॉलिब्डेटने, पण ५ सें.मी.च्या क्युव्हेटमध्ये. १ सें.मी.च्या क्युव्हेटमध्ये इतका कमी फॉस्फेट वाचनाच्या थरथरीतच हरवतो.

वेळेचं गणित अवघड आहे. अन्नाशिवाय ठेवल्यावर प्राण्याचं उत्सर्जन पहिल्या तासातच उतरणीला लागतं, म्हणून लांबवायचं नाही. अन्नासह ठेवलं तर शेवाळ सोडलेला फॉस्फेट गिळून टाकतं आणि हाती काहीच येत नाही. प्राणी धुताना शेवाळाच्या काही पेशी चिकटून आल्या तरी गरीब वाणात तोच घोटाळा होतो, म्हणून दोनदा धुणं.

श्रीमंत अन्नावरचे: अमोनियम-N लिटरला १०३ मायक्रोग्रॅम, फॉस्फेट-P १२. अणूंमध्ये ७.३६ ला ०.३९, N:P १९.
गरीब अन्नावरचे: N ७०, P मोजमापाच्या मर्यादेखाली (२ मायक्रोग्रॅम). म्हणून N:P फक्त ‘७७ पेक्षा जास्त’ एवढंच लिहिता येतं. मर्यादेचा निम्मा आकडा धरून १५५ लिहिण्याची पद्धत आहे. गुणोत्तराच्या छेदात ती वापरू नये, कारण सगळं उत्तर मग त्या गृहीतकाचंच होतं.

युरिया आणि इतर सेंद्रिय नायट्रोजन यात धरलेला नाही, त्यामुळे दोन्ही N थोडे कमीच मोजले गेले आहेत.

२२ जुलै

कागदाशी पडताळणी. अन्नाचं N:P f, प्राण्याचं b (१४), परताव्याचं s, आणि जो घटक तुटपुंजा आहे त्यातला प्राणी ठेवून घेतो तो हिस्सा L. रॉबर्ट स्टर्नर यांचं १९९० चं समीकरण:

```
f > b :  s = (f - b*L) / (1 - L)
f < b :  s = f*(1 - L) / (1 - L*f/b)
```

L = ०.७ घेतलं तर श्रीमंत अन्नाला (१६ − ९.८)÷०.३ = २०.७. मोजलेलं १९. गरीब अन्नाला (४२ − ९.८)÷०.३ = १०७, आणि मोजलेलं ‘७७ पेक्षा जास्त’ त्याला छेद देत नाही. L ०.८ केलं तर हेच १५४ होतं. तुटवडा वाढला की प्राणी फॉस्फरस अधिक घट्ट धरतो, त्यामुळे दोन्ही अन्नांना एकच L लावणं ही सोय आहे, वस्तुस्थिती नाही.

यातून तळ्यासाठी निघणारी गोष्ट वाढीच्या आकड्यांपेक्षा मोठी आहे. अन्नात ४२ होतं ते पाण्यात शंभराच्या घरात परत गेलं. फॉस्फरसला आधीच मुकलेल्या शेवाळाला डॅफ्निया मुबलक अमोनियम देते आणि फॉस्फरस स्वतःच्या शरीरात कोंडून ठेवते, म्हणजे शेवाळ आणखी उपाशी. तळ्यात डॅफ्नियाच्या जागी कोपेपॉड जास्त असतील तर ते नायट्रोजन अडवतात आणि फॉस्फरस सोडतात. शेवाळाला कशाची टंचाई, हे खत किती आलं यावरच नाही, तर चरणारं कोण आहे यावरही ठरतं.

२७ जुलै

पाषाण तलावाच्या पाण्यासाठी तयारी. रामनदीतून सांडपाणी येतं, त्यामुळे तिथे समीकरणाची दुसरी ओळ लागू पडेल अशी अपेक्षा. समजा कणांचं N:P ८ आलं: ८×०.३ = २.४, भागिले (१ − ०.७×८÷१४) = ०.६, उत्तर ४. म्हणजे अन्नातल्यापेक्षाही फॉस्फरस-बहुल परतावा, आणि हवेतला नायट्रोजन बांधू शकणाऱ्या नील-हरित शेवाळाला ते पथ्यावर पडणारं. तिथे डॅफ्नियाला फॉस्फरस कमी पडणार नाही. नील-हरित शेवाळाचे पुंजके गिळता न येणं ही वेगळी अडचण असेल.

पावसाळ्यातल्या नमुन्याची एक खोट आधीच लिहून ठेवतो. बेसाल्टची लोहयुक्त माती गढूळ पाण्यातून येते आणि तिच्या कणांना फॉस्फेट चिकटलेलं असतं. फिल्टरवर तो सगळा ‘कणांतला फॉस्फरस’ म्हणून मोजला जातो, C:P खोटं खाली दिसतं, आणि डॅफ्नियाला मात्र त्यातला थोडाच मिळतो. म्हणून प्रत्येक नमुन्याचा एक जोड-फिल्टर भाजून राख मोजायची. राखेचा वाटा कोरड्या वजनाच्या निम्म्याहून जास्त निघाला तर तो नमुना गुणोत्तराच्या तक्त्यात घ्यायचा नाही. जाळी १०० मायक्रॉनची, प्लवक-प्राणी वगळण्यासाठी. खडकवासल्याचं पाणी तुलनेला, त्याच आठवड्यात, त्याच जाळीने.